तिशीनंतर दात सरळ करताना: अलाइनर की तारा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये दात सरळ करायला येणारी मंडळी आता फक्त शाळकरी राहिलेली नाहीत. अंबड-सातपूरच्या कंपन्यांतले, बँकेतले, शाळा-कॉलेजात शिकवणारे, लहानपणी 'क्लिप लावायची राहून गेली' म्हणणारे बरेच जण येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न 'काय बरं दिसेल?' असा असतो. खाली मात्र दुसऱ्याच दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे: तुमचे दात कोणत्या दिशेने हलायला हवेत, आणि अलाइनरचा ट्रे दिवसातले किती तास खरोखर तोंडात राहणार आहे. निवड बहुधा या दोहोंवर ठरते.

माझं वय ३६ आहे. या वयात दात हलतात का?

हलतात. दात हाडात थेट रुतलेला नसतो; मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. हलका दाब सतत राहिला की पुढच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. हे काम कोणत्याही वयात चालतं. वेग साधारण महिन्याला १ मिलिमीटर धरा.

मोठ्या माणसाच्या बाबतीत अडचण वेगळ्याच गोष्टींची असते. जबड्याची वाढ संपलेली असते, त्यामुळे खालचा जबडाच मागे किंवा पुढे असेल तर तारा आणि अलाइनर दोन्ही दात हलवतील, जबडा नाही. आणि हिरड्या. ब्रश करताना रक्त येत असेल, पायरियाने हाड खाली गेलं असेल, तर आधी हिरड्यांचे उपचार आणि मगच दात हलवणं. सुजलेल्या हिरडीत दात ढकलला तर राहिलेलं हाडही जातं. इम्प्लांट बसवलेला दात मात्र अजिबात हलत नाही, कारण तो हाडाशी थेट जुळलेला असतो. रूट कॅनल झालेला दात हलतो. त्यावर कॅप असेल तर तार धरणारं ब्रॅकेट चिकटवायला जरा जास्त खटपट पडते, एवढंच.

दोन्हींच्या काम करण्यात नेमका फरक काय?

तारांमध्ये प्रत्येक दातावर ब्रॅकेट चिकटवतात आणि त्याच्या खाचेतून तार जाते. सुरुवातीची तार निकेल-टायटॅनियमची, बारीक आणि लवचिक असते. वाकवून बसवली तरी आपल्या मूळ आकारात परत येते आणि येताना दाताला सोबत आणते. नंतर जाड, चौकोनी कडांची तार घालतात. ती खाचेत घट्ट बसते, म्हणून दाताचं मूळसुद्धा हव्या त्या बाजूला झुकवता येतं.

अलाइनर हा दातांवर चढणारा पारदर्शक प्लास्टिकचा ट्रे. तो दातांच्या आजच्या जागेपेक्षा किंचित पुढच्या जागेचा साचा असतो. एका ट्रेत दात साधारण ०.२५ मिलिमीटर सरकतो किंवा सुमारे २ अंश फिरतो, इतकंच काम दिलेलं असतं. गुळगुळीत दातावर प्लास्टिक घसरतं, म्हणून काही दातांवर दाताच्याच रंगाच्या मसाल्याचे छोटे उंचवटे चिकटवतात. त्यांना अटॅचमेंट म्हणतात. जाहिरातीतल्या फोटोत ते सहसा दिसत नाहीत. तुमच्या तोंडात असतील.

थोडक्यात, तारा दाताला पकडतात आणि अलाइनर ढकलतो. पुढचं सगळं यातूनच येतं.

माझी केस अलाइनरची आहे की तारांची, हे कसं कळणार?

पटाशीच्या दातांची थोडी गर्दी, दातांमधल्या लहान फटी, लहानपणी तारा लावून झाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर न वापरल्यामुळे परत वाकडे झालेले दात: इथे अलाइनर चांगलं काम करतात. पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतच नाहीत अशा काही केसमध्येही ते उपयोगी पडतात, कारण ट्रे दोन्ही दाढांच्या मधे राहून दाढांना किंचित आत दाबून धरतो.

अडतं कुठे? सुळा आणि उपदाढा गोलसर असतात. असा दात स्वतःभोवती बराच फिरलेला असला की ट्रेला धरायला कोपरा सापडत नाही. आत राहिलेला दात खाली किंवा वर ओढून आणणंही अवघड, कारण ओढायला पकड लागते. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे उपदाढा काढून केलेली केस. दात पुढे आलेत, ओठ सहज मिटत नाहीत, म्हणून चार उपदाढा काढल्या की प्रत्येक बाजूला सुमारे ७ मिलिमीटर जागा होते. ती बंद करताना दात मुळासकट सरळ सरकला पाहिजे. नुसत्या ट्रेने ढकललं तर दाताचा वरचा भाग मोकळ्या जागेत कलतो आणि मूळ मागेच राहतं. अशा केस अलाइनरने करणारे कुशल डॉक्टर आहेत, पण त्यात वेळ, जादा ट्रे आणि पेशंटची शिस्त तिन्ही जास्त लागतात. माझं मत विचाराल तर उपदाढा काढायच्या असतील तर तारा घ्या. १८ ते २४ महिने धरून चला.

दवाखान्यात गेल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: 'माझा सगळ्यात अवघड दात कोणता?' उत्तर देताना डॉक्टर एका ठरावीक दातावर बोट ठेवतात की 'सगळं छान होईल' म्हणतात, यावरून बरंच कळतं.

एखादी केस आकड्यांत समजावून सांगाल का?

समजण्यासाठी जुळवलेलं उदाहरण घेऊ. अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारा ३४ वर्षांचा सुपरवायझर. खालच्या पुढच्या दातांत ४ मिलिमीटर गर्दी. वरचा एक बाजूचा पटाशीचा दात २.५ मिलिमीटर आत. खालची डावी उपदाढ ४० अंश फिरलेली. हिरड्या ठीक, हाड चांगलं.

आधी जागेचा हिशेब. खालच्या सहा पुढच्या दातांमध्ये पाच फटी आहेत. प्रत्येक फटीत दोन्ही दातांचं मिळून ०.४ मिलिमीटर इनॅमल बारीक पट्टीने घासलं तर २ मिलिमीटर जागा मिळते. उरलेले २ मिलिमीटर दातांची कमान थोडी रुंद करून आणि पुढचे दात किंचित पुढे झुकवून मिळतात. दात काढायची गरज नाही. घासणं म्हटल्यावर लोक दचकतात, पण एका फटीत ०.५ मिलिमीटरपर्यंत घासणं ही नेहमीची मर्यादा आहे. त्यात इनॅमलचा पुरेसा थर शिल्लक राहतो. तारा लावल्या तरी हेच करावं लागलं असतं.

आता ट्रे किती? आत गेलेला वरचा दात २.५ मिलिमीटर आणायचा, दर ट्रेला ०.२५ धरले तर १० ट्रे. उपदाढ ४० अंश फिरवायची, दर ट्रेला २ अंश धरले तर २० ट्रे. म्हणजे ज्या पुढच्या दातासाठी माणूस दवाखान्यात आला, तो अर्ध्या वाटेवरच जागेवर येईल. ट्रेंची संख्या ठरवली ती कोणाला न दिसणाऱ्या उपदाढेने. दर १० दिवसांनी ट्रे बदलला तर २० ट्रेंचे २०० दिवस.

कागदावर साडेसहा महिने झाले. प्रत्यक्षात अशी उपदाढ शेवटपर्यंत पूर्ण फिरत नाही. समजा ती २५ अंश फिरून अडली. मग पुन्हा स्कॅन, नवे ट्रे यायला तीन-चार आठवडे आणि आणखी १० ट्रे, म्हणजे १०० दिवस. या दुसऱ्या फेरीला रिफाइनमेंट म्हणतात. एकूण ११ महिने. तारांनी हीच केस साधारण १० ते १२ महिन्यांत होते आणि ती उपदाढ पहिल्या काही महिन्यांतच फिरते.

म्हणजे वेळ जवळपास सारखाच. 'अलाइनर लवकर होतात' हे या केसमध्ये खरं नाही, आणि तारा लवकर होतात असंही नाही.

याच माणसाला मधला रस्ताही आहे. उपदाढेला आतल्या बाजूने एक छोटं बटण चिकटवून बारीक रबराने ती आधी फिरवून घ्यायची आणि मग अलाइनर सुरू करायचे. २० ट्रेंचे १२-१४ होतात. हा पर्याय स्वतःहून सुचवणारे डॉक्टर मला जास्त भरवशाचे वाटतात.

२२ तास म्हणजे खरंच २२ तास?

सांगताना २० ते २२ तास सांगतात. म्हणजे ट्रे बाहेर राहायला २ ते ४ तास. वर्षभराची परीक्षा इथेच आहे, आणि ती चहाची आहे.

त्याच सुपरवायझरचा दिवस मांडू. सकाळचा चहा १५ मिनिटं, नाश्ता २०, अकराचा चहा १५, डबा ३०, चारचा चहा १५, रात्रीचं जेवण ३५, दोन वेळचा ब्रश १०. एकूण २ तास २० मिनिटं. छान बसतं! पण या हिशेबात प्रत्येक वेळी खाणं झालं की लगेच चूळ भरून ट्रे चढवला, असं धरलं आहे. प्रत्यक्षात चहा होतो, ट्रे डबीत, डबी खिशात, तेवढ्यात लाइनवरून हाक येते आणि ट्रे एकदम जेवणानंतर आठवतो. असं दिवसातून दोनदा झालं की २२ चे १७ तास होतात.

१७ तासांनी काम थोडं हळू होतं, असा समज असतो. तसं होत नाही. ट्रे बाहेर असताना दात मागे सरकू लागतो, परत घातला की पुन्हा पुढे ढकलला जातो. दात नुसता मागेपुढे होत राहतो, दुखतो, ढिला होतो. शिवाय दहाव्या दिवशी पुढचा ट्रे घालायचाच असतो, तो मात्र दात पूर्ण सरकला असं धरूनच बनवलेला असतो. तूट ट्रेगणिक साठत जाते. सातव्या-आठव्या ट्रेला एकदम 'बसतच नाही' म्हणून फोन येतो, तेव्हा बिघाड तिसऱ्या ट्रेपासून सुरू झालेला असतो.

उपाय साधे आहेत. सकाळचा चहा आणि नाश्ता एकत्र करा. चारचा चहा सोडवत नसेल तर अकराचा सोडा. ट्रे घालून गरम चहा पिऊ नका: प्लास्टिक वाकतं, आणि साखर ट्रेखाली अडकून दात किडतात. साधं पाणी चालतं. हॉटेलात ट्रे कागदी रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवू नका. रविवारी मिसळ खायला गेलेल्यांचे किती ट्रे त्या रुमालासकट कचऱ्यात जातात! डबी नसेल तर ट्रे काढूच नये, असा नियम करा.

तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असेल तर ती सुटल्याशिवाय अलाइनर घेऊ नका. तोंड दिवसभर चालू असलेल्या माणसाच्या ट्रेला तास मिळतच नाहीत.

ट्रे नीट काम करतोय का, हे घरी कसं ओळखायचं?

आरशासमोर उजेडात उभे राहा आणि दाताची धार व ट्रे यांच्यामध्ये पाहा. नवा ट्रे घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस कडेला बारीक फट दिसणं ठीक आहे. ट्रे बदलायच्या दिवशीही ती दिसत असेल तर तो दात मागे राहिलाय. दुसरी खूण अटॅचमेंटची: उंचवटा ट्रेच्या खोबणीत पूर्ण भरून बसला पाहिजे. तो खोबणीच्या वर-खाली दिसत असेल तर दात वेगळा आणि ट्रे वेगळा चाललाय.

अशा वेळी पुढचा ट्रे घालू नका. तोच आणखी चार-पाच दिवस घाला, मऊ रबरी चावणी दाताखाली धरून रोज थोडा वेळ चावा आणि डॉक्टरांना फोटो पाठवा. फट राहिलीच तर एक-दोन ट्रे मागे जावं लागतं. म्हणून जुने ट्रे टाकायचे नाहीत. ट्रे हरवला तरी आधीचाच घालून दवाखान्यात कळवा. काहीच न घालता आठवडा काढणं सगळ्यात महाग पडतं.

मग तारांना शिस्त लागतच नाही का?

लागते, पण वेगळ्या तऱ्हेची. तार रात्रंदिवस काम करते. तुम्ही विसरलात तरी ती विसरत नाही. तुमची शिस्त खाण्यात आणि ब्रशमध्ये लागते. सुपारी, कडक चिक्की, सालासकट ऊस, पेरू तसाच चावून खाणं, यांनी ब्रॅकेट निघतं. कुरकुरीत चिवडा मूठभर तोंडात टाकला की बारीक कण तारेखाली अडकतात. ब्रॅकेटभोवती साका राहिला तर तिथे दातावर पांढरे डाग पडतात, आणि ते तारा काढल्यावर दिसतात, आधी नाही. दर जेवणानंतर ब्रश आणि रात्री तारेखालून फिरवायचा लहान ब्रश, हे चुकवायचं नाही.

ब्रॅकेट निघालं आणि तुम्ही तीन आठवडे आलाच नाहीत तर तो दात तेवढे दिवस मोकळा राहतो. तारा लावलेल्या पेशंटचा उशीर बहुतेक इथेच होतो. सुरुवातीला गालाला टोचून तोंड येतं. दवाखान्यातून मिळणारं मेण त्या जागी लावायचं, आठवड्याभरात गाल सरावतो.

सिरॅमिक तारा हा मधला पर्याय नाही का?

दिसण्यापुरता आहे. ब्रॅकेट दाताच्या रंगाचं असतं, तार दिसते. पारदर्शक रबरी कड्यांवर हळद बसते आणि महिनाअखेर त्या पिवळ्या होतात. पुढच्या भेटीत बदलतात. काम मेटलसारखंच.

खर्चात फरक किती, आणि तो वसूल होतो का?

दर दवाखान्यागणिक, केसगणिक आणि अलाइनरच्या कंपनीगणिक बदलतात, म्हणून पुढचे आकडे हिशेबाची पद्धत दाखवण्यापुरतेच घ्या. आपल्या सुपरवायझरला मेटल तारांचे ४५,००० आणि अलाइनरचे १,३०,००० सांगितले असं धरू. फरक ८५,०००.

अलाइनरच्या बाजूने नेहमी सांगतात की फेऱ्या वाचतात. वाचतात हे खरंच. तारांना दर चार-पाच आठवड्यांनी यावं लागतं आणि मधे ब्रॅकेट निघालं तर वेगळं. वर्षात १२-१३ भेटी. अलाइनरला सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे ७-८ भेटी. पाच-सहा फेऱ्या वाचल्या. सिन्नर किंवा पिंपळगावहून येणाऱ्याचा प्रत्येक फेरीला अर्धा दिवस जातो. त्याचे भाडं धरून १,००० रुपये पकडले तरी ६,००० होतात. ८५,००० चा फरक यातून भरून निघत नाही. अलाइनरचे जादा पैसे तुम्ही न दिसण्यासाठी, काढून जेवता येण्यासाठी आणि सोप्या ब्रशसाठी देता. ते तुम्हाला हवं असेल तर खुशाल द्या, पण बचत होईल या हिशेबाने देऊ नका.

पैसे भरण्याची पद्धतही वेगळी असते. तारांचे पैसे बहुतेक ठिकाणी सुरुवातीला काही आणि मग भेटीगणिक हप्त्याने. अलाइनरचे ट्रे आधीच बनवून येतात, लॅबचे पैसे आधीच गेलेले असतात, त्यामुळे मोठी रक्कम सुरुवातीलाच द्यावी लागते आणि चौथ्या ट्रेला कंटाळून सोडलं तर ती परत मिळणं कठीण. तुम्ही सोडून देणाऱ्यांतले असाल, आणि हे तुम्हाला माहीत असतं, तर ही गोष्ट दरापेक्षा मोठी आहे.

पैसे ठरवताना हे लिहून घ्या: रिफाइनमेंटच्या किती फेऱ्या रकमेत आहेत आणि किती वर्षांपर्यंत; हरवलेल्या ट्रेचे किती; निघालेल्या ब्रॅकेटचे किती; एक्स-रे, दातांची सफाई आणि शेवटचे रिटेनर धरले आहेत की वेगळे. आपल्या उदाहरणात रिफाइनमेंट लागणारच आहे. ती रकमेत नसेल तर १,३०,००० हा आकडा खरा नाही. आरोग्य विमा सहसा हा खर्च देत नाही.

कमी खर्चात तारा लावायच्या असतील तर पंचवटीतल्या के. बी. एच. डेंटल कॉलेजसारख्या ठिकाणी चौकशी करा. डेंटल कॉलेजात पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. पैसे कमी, थांबणं जास्त.

घरी किट मागवून अलाइनर घेतले तर?

ठसा घरी घ्यायचा, ट्रे कुरिअरने येणार, अशी पद्धत अमेरिकेत स्माइल डायरेक्ट क्लब या कंपनीने मोठ्या प्रमाणावर चालवली. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनी बंद पडली आणि अर्ध्या उपचारातले पेशंट तसेच राहिले. पण कंपनी चालू असली तरी मूळ अडचण तीच आहे. एक्स-रेशिवाय हाड किती शिल्लक आहे ते कळत नाही, इनॅमल घासायला आणि अटॅचमेंट चिकटवायला तोंडात हात घालणारं कुणीतरी लागतं, आणि ती फिरलेली उपदाढ मागे राहिली हे ओळखणारंही. बीडीएसनंतर तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेल्या डॉक्टरांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. केस कोण आखणार आणि कोण तपासणार, हे आधी विचारा.

मधेच अलाइनरवरून तारांवर जाता येतं का?

येतं. ट्रेचे तास जमत नाहीत हे दोन-तीन महिन्यांत कळलं तर तेव्हाच बदला. भरलेल्या रकमेतलं काय वळतं होईल हे सुरुवातीलाच विचारून ठेवलेलं बरं. उलटंही करतात: अवघड दातापुरत्या काही महिने तारा आणि बारीक काम अलाइनरने. लग्न वर्षभरावर आलेल्यांना ही सांगड बरी पडते.

संपल्यावर रिटेनर किती दिवस?

दोन्ही पद्धतींत सारखंच. नव्या जागी हाड पक्कं व्हायला महिने लागतात आणि हिरडीतले तंतू फिरलेल्या दाताला मागे खेचतात. म्हणून ती उपदाढ आणि खालचे पटाशीचे दात सगळ्यात आधी घसरतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला बारीक तार कायमची चिकटवतात आणि वर रात्री घालायचा पारदर्शक ट्रे देतात. पहिले काही महिने तो जवळजवळ दिवसभर, नंतर रात्री, आणि रात्रीचा 'किती वर्षं' याचं उत्तर: दात सरळ हवेत तोवर. ट्रे झिजतो, तडकतो, तेव्हा नवा करावा लागतो. आतली तार एका बाजूने सुटली तर जिभेला ती टोचतेच असं नाही; म्हणून सहा महिन्यांनी सफाईला जाल तेव्हा ती तार तपासायला आठवणीने सांगा.